स्क्रिप्ट लिहायच्या आधी पोल टाकावा का? बोर्डो पेस्टच्या व्हिडिओवरून पडलेला प्रश्न

निखिल, काटोल
संत्र्यावरचं माझं छोटं चॅनल आहे, ४,३०० सबस्क्रायबर. डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळतो त्या रोगासाठी बोर्डो पेस्ट घरी कशी करायची यावर १२ मिनिटांचा व्हिडिओ डोक्यात आहे. स्क्रिप्ट, बागेतलं शूटिंग, एडिटिंग धरून माझे पाच-सहा दिवस जातात. मागचा व्हिडिओ असाच मेहनतीनं केला आणि कोणी पाहिला नाही. आधी पोल टाकून लोकांना विचारावं, की सरळ कामाला लागावं?

प्रफुल्ल, अचलपूर
टाक पोल, विचार कसला करतोस. मी प्रत्येक व्हिडिओआधी ‘या विषयावर व्हिडिओ हवा का, हो की नाही’ असा पोल टाकतो. चॅनलवरही आणि गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही. ७० टक्क्यांच्या वर ‘हो’ आलं की स्क्रिप्ट लिहायला बसतो. दोन मिनिटांचं काम आहे, सहा दिवस वाया जाण्यापेक्षा बरं.

सुनंदा, आर्वी
प्रफुल्लभाऊ, ‘हो’ म्हणायला कोणाचं काय जातं? बोट टेकवलं की झालं. त्यात कोणाला १२ मिनिटं द्यावी लागत नाहीत की मोरचूद आणावं लागत नाही. आणि गावच्या ग्रुपवर तर कोणी कशाला मत दिलं ते नावानिशी दिसतं. काकानं ‘हो’ केल्यावर पुतण्या ‘नाही’ दाबेल का? यूट्यूबच्या पोलमध्ये नाव दिसत नाही, पण तिथे उलटी अडचण. मत देणारा शेतकरी आहे, कॉलेजचा पोरगा आहे की नुसता पाहुणा, काही कळत नाही.

मी हे पदरमोड करून शिकले. माझं चॅनल कपाशीचं. गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यांवर व्हिडिओ हवा का, असा पोल टाकला. १८६ मतं आली, नऊ जण सोडले तर सगळे ‘हो’. पाच दिवस बसून स्क्रिप्ट लिहिली. एकरी दोन सापळे, पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडे वर, सापळ्यामागे सलग तीन रात्री, दर रात्री आठ पतंग आले की फवारणीचा निर्णय. माहितीत चूक काही नव्हती. महिनाभरात ३४० जणांनी पाहिला, आणि आलेख बघितला तर बहुतेक जण दुसऱ्या मिनिटालाच निघून गेलेले.

पुढच्या हंगामात पोल टाकलाच नाही. त्याच व्हिडिओखाली माझी एक कमेंट पिन केली: ‘तुमच्या सापळ्यात गेल्या आठवड्यात किती पतंग सापडले? सापडले नसतील तर सापळा कधी लावला होता?’ आठ दिवसांत २७ उत्तरं आली. सहा नुसती ‘छान माहिती’ आणि हात जोडलेले, ती मोजलीच नाहीत. राहिलेल्या २१ पैकी १३ जणांचं म्हणणं एकच होतं, की सुरुवातीला पतंग सापडायचे, मग सापडेनासे झाले, म्हणजे अळी गेली असं वाटलं. एका भावानं लिहिलं होतं: ‘पोळ्यापासून सापळा रिकामा, पण बोंड फोडलं की आत अळी.’

सापळ्यातली, गंधानं पतंग ओढणारी रबरी गोळीच संपली होती. ती ठरावीक दिवसांनी बदलावी लागते, पाकिटावर लिहिलेलं असतं, पण सापळा एकदा टांगला की पुन्हा कोणी तिकडे बघत नाही. आता मला सांगा, पोलमध्ये ‘गोळी कधी बदलायची’ हा पर्याय ठेवला असता तर कोणी निवडला असता? आपलं अडतं कुठे हेच त्यांना माहीत नव्हतं. मी चार मिनिटांचा व्हिडिओ केला, पहिलं वाक्य त्या भावाचंच घेतलं आणि जुनी-नवी गोळी शेजारी धरून दाखवली. तो पहिल्या महिन्यात ६,१०० जणांनी पाहिला.

तेव्हा निखिल, विचार जरूर. पण ‘काय हवं’ असं विचारू नकोस, ‘तुम्ही काय केलं आणि कुठे अडलं’ असं विचार. आणि प्रश्न टाकायच्या आधी वहीत लिहून ठेव, आपबीती सांगणारी किती उत्तरं आली नाहीत तर विषय सोडायचा. नंतर ठरवायला गेलास तर पाच उत्तरंही भरपूर वाटतात, कारण व्हिडिओ करायचं मनात आधीच पक्कं झालेलं असतं.

गजानन, राळेगाव
ताई, तुमचा अनुभव खरा, पण निखिलला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. बोर्डो पेस्ट लावायची एक वेळ पावसाळ्याच्या तोंडावर, दुसरी पाऊस सरल्यावर. आज मे संपत आला आहे. हा आठ दिवस उत्तरांची वाट बघेल, मग सहा दिवस व्हिडिओ करेल, तोवर मृग लागलेला असेल.

दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. ज्याच्या झाडाला डिंक सुटला तो निखिलचा सबस्क्रायबर नसतोच. तो बागेत खोडाजवळ उभा राहून फोनवर शोधतो. तुमचा पोल काय नि पिन केलेली कमेंट काय, त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

मी स्वतः पोलचं ऐकून फसता फसता वाचलो. जूनमध्ये पाच पर्याय दिले होते, त्यात तुरीवरचा मर रोग शेवटच्या नंबरवर, ११ मतं. सोडून देणार होतो, पण माझ्याच बांधावरची तूर आदल्या साली वाळली होती म्हणून केला. आज माझ्या चॅनलवर सगळ्यात जास्त तोच पाहिला जातो. मी विचारलं तेव्हा लोकांची पेरणीसुद्धा झाली नव्हती. तूर माना टाकायला लागली तेव्हा ते शोधत आले. गरज पडायच्या आधी माणूस मत कशाच्या जोरावर देणार? म्हणून माझं सांगणं, विचारत बसू नको, कर.

वामनराव, वरुड
पेस्टचं नाव निंगालं म्हनून लिवतो. मायी ३०० झाडं हायेत. मागच्या साली पेस्ट लावली, मजुराचे पैसे गेले ते येगळे. आठ दिसांत पपडी निंगून खाली पडली, डिंक होता तसाच. आता बोर्डोमंधी दम नाई रायला का? का मोरचूदच बनावट येऊन रायलं? कोनाले माईत असन तर सांगा.

सुनंदा, आर्वी
निखिल, काकांची कमेंट नीट वाच. तुझ्या पोलच्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं नाही, पण तुझ्या व्हिडिओची सुरुवात त्यांनी सांगितली. तू एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी हे प्रमाण घेऊन बसणार होतास. काकांना प्रमाण माहीत आहे, त्यांची पेस्ट खोडावर टिकत नाही.

काका, तीन गोष्टी सांगा: चुना कोणता घेतला, कशात कालवलं, आणि कालवल्यावर किती वेळानं लावलं?

गजाननभाऊ, तुरीबद्दल तुमचं पटलं. शोधून येणाऱ्या माणसाच्या विषयाला पोलची मतं कमी पडली म्हणून विषय मारू नये. त्यासाठी यूट्यूब स्टुडिओत जुन्या व्हिडिओचा ट्रॅफिक सोर्स उघडून यूट्यूब सर्चखाली लोक कोणते शब्द टाकून आले ते बघावं. आपले लोक `santra dink` असंही टाइप करतात. पण हे शब्द विषय आहे की नाही एवढंच सांगतात. माणूस कुठे अडला ते त्यात दिसत नाही, ते कमेंटमध्येच मिळतं. आणि आठ दिवस कशाला हवेत? हंगाम तोंडावर असेल तर तीन दिवसही चालतात.

प्रफुल्ल, अचलपूर
मग शॉर्टच का नाही टाकत? एका मिनिटाचा, खोडाला पेस्ट लावतानाचा. चालला तर मोठा व्हिडिओ कर, नाही चालला तर सोड. मतापेक्षा प्रत्यक्ष बघणं खरं, हे तर ताईही मान्य करतील.

सुनंदा, आर्वी
बघणं मतापेक्षा खरं, हे मान्य. पण शॉर्ट बघणारा बोटानं वर सरकवत आलेला असतो. निळी पेस्ट खोडावर चढताना दिसायला छान दिसते म्हणून मुंबईचा माणूसही थांबेल. त्यावरून बारा मिनिटं कोण बसेल ते ठरत नाही. माझ्या एका शॉर्टला ४०,००० व्ह्यू होते आणि त्याच विषयाच्या मोठ्या व्हिडिओला ९००. शॉर्ट टाकायचा तर प्रश्न विचारण्यासाठी टाक, व्ह्यू मोजण्यासाठी नको.

निखिल, काटोल
तीन दिवसांनी लिहितोय. वहीत आधी लिहून ठेवलं होतं: आपबीतीची दहा उत्तरं आली नाहीत तर विषय सोडायचा. जुन्या फळगळीच्या व्हिडिओखाली कमेंट पिन केली: ‘मागच्या वर्षी बोर्डो पेस्ट लावली होती का? लावल्यावर पंधरा दिवसांनी खोड कसं दिसत होतं?’

१९ उत्तरं आली, त्यातली चार नुसती नमस्काराची. उरलेल्या १५ मध्ये नऊ जणांची पेस्ट निघून गेली किंवा पहिल्या पावसात धुपली. चौघांना भीती वाटते की डिंकाची साल खरवडली तर झाड मरेल, म्हणून ते डिंकावरूनच पेस्ट फासतात. प्रमाण फक्त दोघांनी विचारलं. माझ्या आराखड्यात प्रमाणालाच चार मिनिटं होती आणि ‘डिंक्या म्हणजे काय’ याला तीन. ती सात मिनिटं मी काढली. आता पेस्ट का टिकत नाही आणि साल किती खरवडायची, एवढंच ठेवतो.

गजानन, राळेगाव
चांगलं केलंस, पण एक सांगतो. ज्याची पेस्ट नीट बसली तो तुझ्या कमेंटखाली लिहायला येणारच नाही. तक्रार असलेला माणूसच लिहितो. १५ पैकी नऊ म्हणजे अर्ध्याहून जास्त वरुड-काटोलची पेस्ट गळून पडते असं धरून चालशील तर फसशील. आणि ज्याला आजपर्यंत पेस्ट हा शब्दच माहीत नाही, त्याचं काय? त्याला प्रमाण लागेलच, ते तू काढून टाकलंस.

सुनंदा, आर्वी
तक्रारवालाच लिहितो हे खरं. किती बागांत पेस्ट गळते हे या आकड्यावरून म्हणता येणार नाही. सुरुवात कुठून करायची एवढंच यातून कळतं. प्रमाणाचं मात्र गजाननभाऊंचं बरोबर आहे. ते पूर्ण काढू नकोस, तीस सेकंदांत सांगून टाक आणि खाली वर्णनात लिही. नवीन माणसासाठी पूर्ण व्हिडिओ वेगळा करायचा का, यावर आमचं दोघांचं जुळेल असं वाटत नाही.

वामनराव, वरुड
ताई, उशीर झाला, पाहुने होते. चुना रंगाच्या दुकानातली पुडी, वर्षभर घरातच पडेल होती. कालवलं लोखंडी घमेल्यात. सांजच्याले कालवली, अन् मजूर दुसऱ्या दिशी दुपारी आले तवा लावली.

निखिल, काटोल
काका, मोरचुदातलं तांबं लोखंडी घमेल्यावर चढतं, त्यात पेस्ट बिघडते. पुडीतला जुना चुना मेलेला असतो, ताजा कळीचा चुना विझवून घ्यावा लागतो. आणि रात्रभर ठेवलेली पेस्ट खोडाला नीट धरत नाही, ती कालवली त्याच दिवशी संपवायची. येत्या रविवारी कळीचा चुना आणि प्लास्टिकच्या दोन बादल्या घेऊन तुमच्याकडे येऊ का? तुमचं घमेलंही काढून ठेवा. एकाच मोरचुदाची पेस्ट घमेल्यात आणि बादल्यांत अशी दोन्हीकडे कालवू. मग बादलीतल्या पेस्टमध्ये लोखंडी चाकूचं पातं बुडवून बघू. पात्यावर तांबूस थर आला तर अजून चुना घालू आणि पातं स्वच्छ निघालं की खोडाला लावू. घमेल्यातली पेस्ट शेजारच्या झाडाला लावून ठेवू, पंधरा दिवसांनी दोन्ही खोडं दाखवायला पुन्हा येतो.