दप्तराच्या पानावर नेमकं काय लिहायचं? (फॅमिली ग्रुपवरची चर्चा)

अदिती: मंडळी, आपण विकायला काढतोय त्या मुलांच्या दप्तराचं विक्रीचं पान या आठवड्यात लावायचंय. शिवून देणाऱ्या कारखान्याने मजकूर पाठवलाय, तो खाली टाकते. खटकेल ते बिनधास्त सांगा. नंदाआत्या आणि विनायककाका, तुम्ही दोघं तर नक्की वाचा.

अदिती: "मुलांचा कणा सरळ ठेवणारं ऑर्थोपेडिक दप्तर! उभं राहण्याची ढब सुधारतं, पाठदुखी टाळतं. कमरेच्या पट्ट्यामुळे खांद्यांवर भारच येत नाही. ५ ते १२ वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी. मिलिटरी दर्जाचं कापड, १०० टक्के वॉटरप्रूफ, वर्षानुवर्षं टिकणारं."

मोहित: झकास आहे की! लावून टाक.

नंदाआत्या: अजिबात लावू नकोस गं. पहिल्या दोन वाक्यांतलं एकही विधान मला कुणापुढे सिद्ध करता येणार नाही, आणि पाठीच्या तक्रारींचंच काम मी रोज करते.

मोहित: आत्या, जड दप्तराने पाठ दुखते हे तर सगळेच म्हणतात.

नंदाआत्या: म्हणतात खरं. पण २०१८ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. दप्तरामुळे मुलांमध्ये पाठदुखीचा धोका वाढतो, याला पटण्याजोगा पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणून वाट्टेल तेवढं भरा असं नव्हे. भार वाढला की मूल पुढे झुकतं, मान पुढे काढतं, पट्टे खांद्यात रुततात, मूल लवकर दमतं. हे सगळं दप्तर पाठीवर असतानाचं. म्हणजे दप्तराबद्दल बोलायचं तर तेवढ्याच वेळाबद्दल बोलायचं. "झुकावं कमी लागतं" चालेल, "ढब सुधारते" नाही. आणि ऑर्थोपेडिक म्हटलं की लोकांना वाटतं, डॉक्टरांनी तपासलंय. कुणी तपासलंय का?

अदिती: नाही. तो शब्द काढला.

सायलीवहिनी: मला कण्याचं वगैरे काही वाचायचंच नसतं. रिकामं दप्तर किती जड आहे ते बहुतेक ठिकाणी लिहिलेलंच नसतं. तेवढं सांगा आधी.

अदिती: ८०० ग्रॅम. आत्ताच काट्यावर ठेवलं.

नंदाआत्या: हा आकडा सगळ्यात वर लिही. सायली, तुझ्या इराचं वजन किती?

सायलीवहिनी: २४ किलो.

नंदाआत्या: भरलेलं दप्तर मुलाच्या वजनाच्या १० ते १५ टक्क्यांत ठेवा, असं साधारण सांगतात. ही काही लक्ष्मणरेषा नाही, अंदाजाला बरी. इराचे १० टक्के म्हणजे २ किलो ४०० ग्रॅम. त्यातले ८०० दप्तरानेच खाल्ले. उरले १ किलो ६००. पाऊण लिटरची भरलेली बाटली ठेवली की वह्यापुस्तकांना ८०० ग्रॅमच्या आसपासच उरतात. हा हिशोब पानावर दिलास तर आईबाप आपल्या मुलाचा आकडा घालून बघतील.

मोहित: आणि वाचून पळून जातील 😅

सायलीवहिनी: मी नाही पळणार. उलट दुसऱ्या दप्तरांचं वजन शोधत बसेन आणि न सापडल्यावर इथेच परत येईन.

नंदाआत्या: आता तो कमरेचा पट्टा. फोटो टाक, अदिती.

अदिती: फोटो टाकलाय. अडीच सेंटिमीटर रुंद नवारीचा आहे. पाठीला फोम आहे, आत ताठ फळी नाही.

नंदाआत्या: मग तो भार उचलत नाही. भार कमरेवर न्यायचा तर पट्टा रुंद आणि भरीव हवा, कमरेच्या हाडांवर घट्ट बसणारा. शिवाय वरचं वजन त्या पट्ट्यापर्यंत पोचवायला पाठीत काहीतरी ताठ लागतं. डोंगर चढणाऱ्यांच्या सॅकमध्ये दोन्ही असतं. तुझ्या दप्तरात एकही नाही. घरी करून बघ: दप्तर भर, कुणाला तरी घालायला लाव आणि खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सरकव. मग कमरेचा पट्टा आवळ आणि पुन्हा बोट घाल.

अदिती: थांबा, अर्णवला पकडते.

अदिती: केलं. बोटावर दाब तेवढाच आहे, काहीच फरक नाही. पण पट्टा लावून तो पळाला तेव्हा दप्तर हलत नव्हतं. पट्टा नसताना डावी-उजवीकडे हेलकावे खात होतं.

नंदाआत्या: झालं तर मग. "पळताना दप्तर हलू देत नाही" असं लिही. खरं आहे आणि कामाचंही आहे.

सायलीवहिनी: ५ ते १२ वर्षं हेही मला पटत नाही. इरा आणि तिची मैत्रीण एकाच वर्गात, पण मैत्रीण हिच्यापेक्षा डोकंभर उंच आहे.

नंदाआत्या: बरोबर. वयाऐवजी पाठीची लांबी द्यायला हवी. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं. तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत टेप धर. दोन्ही हात कमरेवर ठेवलेस की अंगठे मागे जिथे येतात ती ओळ. इराचं मोजून सांग ना.

सायलीवहिनी: ३१ सेंटिमीटर.

नंदाआत्या: अदिती, दप्तराची उंची?

अदिती: ४२.

नंदाआत्या: पट्टे नीट आवळले तरी दप्तराची वरची कड त्या हाडाच्या साधारण ३ सेंटिमीटर खाली बसते. म्हणजे खालची कड ४५ वर आली. इराची कमर ३१ वर, म्हणून दप्तर कमरेखाली १४ सेंटिमीटर लोंबणार. १० च्या पुढे जाऊ देऊ नये असं आम्ही सांगतो, कारण मग ते मागे ओढतं आणि मूल तोल सावरायला पुढे वाकतं. तुझं दप्तर ३५ सेंटिमीटर किंवा जास्त पाठ असलेल्या मुलांसाठी आहे. इरासाठी नाही.

सायलीवहिनी: घ्या! घरचंच गिऱ्हाईक गेलं.

अदिती: विकलेलं दप्तर परत आल्यापेक्षा हे बरं, वहिनी. लहान माप पुढच्या खेपेला करतोय.

विनायककाका: आता मी बोलू का? मिलिटरी दर्जा म्हणजे काय ते मला शिवणखात्यात इतकी वर्षं काढूनही कुणी सांगितलेलं नाही. कापड कोणतं आहे?

अदिती: ६०० डेनिअर पॉलिस्टर, आतून पाणी अडवणारं पीयू कोटिंग.

विनायककाका: मग तसंच लिही. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. धागा किती जाड ते त्यावरून कळतं, दप्तर किती टिकेल ते नाही. दप्तराचं कापड मधोमध फाटलेलं मी क्वचितच पाहिलंय. जातं ते तीन ठिकाणी: खांद्याच्या पट्ट्याचं वरचं मूळ, चेनचा रनर आणि तळाचे कोपरे. त्यातही पट्ट्याचं मूळ आधी, कारण पोरं एकाच पट्ट्याला धरून दप्तर उचलतात आणि भिरकावतात.

अदिती: कारखाना म्हणतो, १० किलो भरून २४ तास टांगून ठेवलं होतं, काही झालं नाही.

विनायककाका: टांगलेलं दप्तर गुपचूप लटकून असतं. खरा मार झटक्याचा. दप्तर उलटं करून पट्ट्याच्या मुळाचा आतला फोटो पाठव. शेजारी पट्टी ठेव.

अदिती: हा घ्या.

विनायककाका: मुळाशी आतून जादा कापडाचा तुकडा लावलाय, त्यावर चौकोन आणि फुलीची शिवण आहे. छान. बारटॅक, म्हणजे ताण येतो तिथे मारलेली दाट आडवी शिवण, तोही दिसतोय. पण बाजूच्या शिवणीत कापडाची कड शिवणीपासून जेमतेम ५ मिलिमीटर बाहेर आहे. पॉलिस्टरच्या कापलेल्या कडेचे दोरे सुटत जातात. कड एवढी कमी असली की एक दिवस शिवण शाबूत राहते आणि कापडच तिच्यातून निसटतं. दोरा तुटला तर परत शिवता येतं, कापड निसटलं तर शिवायला काही उरतच नाही. कड १ सेंटिमीटर ठेवायला सांग आणि कड झाकणारी पायपिनची पट्टी वर मारून घे. ते होईपर्यंत टिकाऊपणाचं एकही वाक्य लिहू नकोस.

अदिती: आजच फोन करते. पहिला लॉट अजून कापायचाच आहे.

मोहित: वॉटरप्रूफ तरी ठेवू द्या की! कोटिंग आहे ना!

विनायककाका: कोटिंग कापडाला आहे. सुईने पाडलेल्या भोकांना आणि चेनला नाही. आत वर्तमानपत्र पसर, चेन लाव, दप्तर १० मिनिटं शॉवरखाली धर आणि मग कागद बघ.

अदिती: केलं काका. चेनखालचा कागद पूर्ण भिजला. तळाच्या शिवणीपाशी थोडा ओला, मधला कोरडा.

विनायककाका: हेच लिही.

मोहित: मग पानावर विकण्यासारखं उरलं काय?

अदिती: सगळं घालून लिहिलंय, बघा.

अदिती: "रिकाम्या दप्तराचं वजन ८०० ग्रॅम, उंची ४२ सेंटिमीटर. मानेच्या मुळाच्या हाडापासून कमरेच्या हाडापर्यंत ज्यांची पाठ ३५ सेंटिमीटर किंवा जास्त आहे अशा मुलांसाठी. पाठ त्याहून लहान असेल तर हे दप्तर कमरेखाली लोंबेल, घेऊ नका. ५ सेंटिमीटर रुंद, फोम भरलेले पट्टे कमी रुततात. पट्टे आवळून, जड पुस्तकं पाठीलगत ठेवली की दप्तर मागे कमी ओढतं आणि मुलाला कमी झुकावं लागतं. कमरेचा पट्टा पळताना दप्तर हलू देत नाही; तो खांद्यावरचा भार कमी करत नाही. ६०० डेनिअर पॉलिस्टर, आतून कोटिंग. पट्ट्यांच्या मुळाशी आतून दुहेरी कापड आणि बारटॅक. हलक्या सरीत पुस्तकं कोरडी राहतील. जोराच्या पावसात चेनमधून आणि शिवणीतून पाणी आत येतं, वेगळं कव्हर वापरा. पट्ट्याची शिवण किंवा चेन एका वर्षात गेली तर आम्ही दुरुस्त करून देऊ."

नंदाआत्या: "हे दप्तर पाठीच्या दुखण्यावरचा उपाय नाही, मुलाची पाठ दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा" हेही जोड. एकच ओळ, पण जोड.

विनायककाका: हलक्या सरीचं मात्र तपासून लिही. शॉवर म्हणजे जोराचा पाऊस झाला, हलकी सर तू बघितलेलीच नाहीस. झारीने पाणी घालून बघ. आणि १० किलोची चाचणी लिहिली नाहीस ते ठीकच केलंस.

मोहित: मला ती हवी होती. "१० किलो, २४ तास टांगून" असं जसं झालं तसं लिहिलं तर खोटं कुठे आहे?

विनायककाका: खोटं नाही रे. पण वाचणारा ते झटक्याचं समजणार. झटक्याची चाचणी करून घ्या, ५ किलो भरून पट्ट्याला धरून हिसके द्या, किती हिसक्यांनंतर पहिला टाका सुटतो ते मोजा आणि मग तो आकडा छापा. नवी कड असलेल्या नगावर करा, जुन्यावर नको.

सायलीवहिनी: अदिती, एक राहिलंच. मुख्य फोटोत मुलगी दप्तर एकाच खांद्याला अडकवून उभी आहे. खाली पट्टे आवळा लिहायचं आणि वर हा फोटो?

अदिती: फोटो बदलते. बाजूने काढते, दोन्ही पट्टे आवळलेले, खालची कड कुठे येते ते दिसेल असा. अर्णवची पाठ किती भरते ते आधी मोजते.