मदत हवी आहे: बजेटमध्ये डॉलरचा दर नेमका कसा लिहावा?

खानापूर तालुक्यात आमची छोटी संस्था आहे. एफसीआरए नोंदणी आहे. परदेशी अनुदान 40,000 डॉलर ठरलंय, खर्च सगळा रुपयांत, अहवाल मात्र दोन्हींत द्यायचा.

बजेट 83 रुपये दराने केलं. पहिला 20,000 डॉलरचा हप्ता बँकेने 85.10 ने जमा केला, म्हणजे 17,02,000 रुपये. तो पूर्ण खर्च झाला. आता 83 ने भागलं तर खर्च 20,506 डॉलर दिसतो, मिळाले त्याहून जास्त! 85.10 ने भागलं तर बेरीज जुळते, पण पगाराचे ठरल्याप्रमाणे दिलेले 4,98,000 रुपये 6,000 ऐवजी 5,852 डॉलर दिसतात आणि दाते विचारतात, पगार कमी का दिला?

बजेटखाली ‘दर अंदाजे’ एवढंच लिहिलं होतं, ते परत आलं. बेळगावच्या आमच्या सीएंनी प्रत्यक्ष जमा दर वापरा म्हटलं, पण बजेटच्या टिपेत काय लिहायचं ते दात्यांनाच विचारा म्हणाले. करारात दराबद्दल एक ओळही नाही.

दुसरा हप्ता वेगळ्या दराने येणार. मग टिपेत दर, त्याची तारीख, स्रोत आणि पहिल्या हप्त्यात दरफरकाने बजेटपेक्षा जास्त आलेले 42,000 रुपये कुठे दाखवायचे हे कोणत्या शब्दांत लिहिता? आणि अहवालाला हप्त्याहप्त्याचा दर लावता की दोन्ही हप्त्यांची भारित सरासरी?