मदत हवी आहे: महानुभाव मठातल्या पोथ्यांवरच्या फेलोशिपचा अंतिम अहवाल

नमस्कार मंडळी. एका महानुभाव मठाच्या पोथीसंग्रहावरची वर्षभराची फेलोशिप संपली असून अंतिम अहवालाचं फलित, अडचणी आणि पुढील दिशा हे तीन भाग लिहायचे आहेत.

पहिला पेच मोजणीचा. प्रस्तावात '१२० पोथ्या' म्हटलं होतं, पण रुमालातून निघाली ४१ बाडं. एकेका बाडात अनेक ग्रंथ एकत्र बांधलेले, त्यामुळे स्वतंत्र नोंदी झाल्या १६३. फोटो ५,८४० आहेत, पण पानाच्या दोन्ही बाजू घेतल्यामुळे पत्रं २,९२०च. नुसतं '१६३' लिहिलं तर उद्दिष्ट ओलांडल्याचा खोटा भास होतो. बाड, ग्रंथ आणि पत्रं असे तिन्ही आकडे छोट्या तक्त्यात द्यावेत असं वाटतं. परीक्षकांना ते चालतं का?

अडचणींत, सहा बाडांची पानं ओलीने चिकटली आहेत. ती सोडवायला गेलं की शाईचा थर समोरच्या पानावर उतरतो, म्हणून उघडली नाहीत. हे काम संवर्धकाचंच, तेव्हा ते 'पुढील दिशा'त खर्चाच्या अंदाजासह जावं. सकळ या महानुभावांच्या सांकेतिक लिपीत अक्षरांची अदलाबदल असते. दोन प्रतींत लेखनिकाने नेहमीची किल्ली मोडली आहे, तिथलं लिप्यंतर अपुरं आहे.

सगळ्यात नाजूक मुद्दा परवानगीचा. तीन ग्रंथांचे फोटो मठाने काढू दिले, पण बाहेर द्यायला नकार दिला. निधीची अट मात्र सगळं खुलं ठेवण्याची आहे. सूचीत नाव आणि पत्रसंख्या देऊन फोटो राखून ठेवले, तर तो मजकूर फलितात लिहावा की अडचणींत? कुणी असा परिच्छेद लिहिला असेल तर त्याची शब्दरचना कृपया सांगा.