मदत हवी आहे : सबमीटर शून्यावर गेला, एक्सेलमध्ये युनिट उणे येतायत

माडीवरचा

आमच्या जागेत खाली पिठाची गिरणी आहे, भाड्याने दिलेली. तिला सबमीटर आहे. दर महिन्याला रीडिंग शीटमध्ये टाकतो, युनिट आपोआप निघतात. या महिन्यात मीटर फिरून परत शून्यापासून सुरू झालाय. मागचं ९९४३८६, आताचं ५९१. शीट -९९३७९.५ दाखवतेय. फॉर्म्युला काय टाकू? संध्याकाळपर्यंत बिल द्यायचंय, जरा लवकर सांगा.

नाना_बारामतीकर

यात काय एवढं? ९९९९९९ मधून मागचं वजा करा, आताचं त्यात मिळवा. ५६१३ + ५९१ = ६२०४. झालं बिल.

कॉइल

नाना, एक कमी पडला. ९९९९९९ वरून ०००००० वर जाताना मीटर आणखी एक घर पुढे जातो. म्हणून १०००००० मधून वजा करायचं, ६२०५ येतात.

पण धागाकर्ते, तुमचं गणित मला जुळत नाही. ५९१ - ९९४३८६ = -९९३७९५. शीट -९९३७९.५ दाखवतेय, म्हणजे ती कुठेतरी दहाने भागतेय. का?

माडीवरचा

हो, भागतेच. शेवटचा आकडा लाल चौकटीत आहे ना, तो पॉइंटनंतरचा. हे सगळ्यांना माहीत असतं असं वाटलं. म्हणजे ६२०.५ युनिट. धन्यवाद, बिल करतो.

नाना_बारामतीकर

म्हणजे ज्या एकावरून मला सुनावलं, तो युनिटचा दहावा भाग निघाला!

कॉइल

बिल करायची घाई करू नका. गिरणीचं एरवी महिन्याला किती येतं?

माडीवरचा

अकराशे ते बाराशे. पण पावसामुळे गिऱ्हाईक कमी असेल.

सूर्यपुत्र

माझंही रीडिंग असंच मागे गेलं होतं. छतावर सोलर बसवलं तेव्हा जुना चकतीचा मीटर दिवसा उलटा फिरायचा. मीटर बदलून घ्या. नेट मीटरवर आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी दिसते.

माडीवरचा

सोलर नाहीये हो. गिरणी आहे.

कॉइल

सूर्यपुत्रांचं उत्तर इथे लागू नाही, पण त्यात एक मुद्दा आहे. आकडा कमी झाला म्हणजे मीटर फिरून शून्यावर आला, असंच नसतं. मीटर बदलला, कोणी चुकीचं वाचलं, उलटा फिरला, तरी वजाबाकी उणेच येते. इथे मागचं रीडिंग टोकाजवळ होतं, शून्यावर जायला ५६१.४ युनिटच बाकी होते. तेव्हा फिरला हे मान्य.

पण अकराशेचे सहाशे मला पटत नाहीत. ५९१ कोणी वाचलं? आणि मीटरवर घरं किती?

माडीवरचा

सहा घरं, लाल धरून. वाचतो वॉचमन. मागच्या महिन्यापर्यंत दुसरा होता, आता नवीन आलाय. वहीत ५९१ लिहिलंय.

पदर_खोचून

माझ्या मावशीची गिरणी आहे. पावसाळ्यात दळण कमी होतं हे खरं, पण निम्मं नाही होत. लोक भाकऱ्या खायचे थांबतात का? उन्हाळ्यात मात्र कुरडयांचा चीक, मसाले, तेव्हा तिला श्वास घ्यायला फुरसत नसते. तुमच्याकडे मसाला कांडप आहे का? त्याची मोटर वेगळी असते.

कॉइल

मला संशय असा आहे : जुना वॉचमन लाल धरून सहाही आकडे लिहायचा, नव्याने लाल सोडून पाच लिहिले. शून्यं पुढे असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात आलं नाही. त्याने ००५९१ म्हटलं काय किंवा तुम्ही ००५९१ टाइप केलं काय, एक्सेल पुढची शून्यं टाकून ५९१ च ठेवतं. मग ते ०००५९.१ आहे की ००५९१ आणि पुढे काहीतरी, हे शीट बघून कळणार नाही. खाली जाऊन स्वतः बघा आणि फोटो डकवा.

माडीवरचा

कामावर आहे मी. ६२० चं बिल देऊन टाकलं तर काय बिघडेल? फरक पुढच्या महिन्यात येईलच ना?

कॉइल

पुढच्या वेळी सहा आकडे लिहिले तर येईल. उरलेले युनिट पुढच्या बिलात चढतील आणि गिरणीवाला भांडायला येईल. पण नव्या वॉचमनने पुन्हा पाचच लिहिले तर? समजा १७४० लिहिले. १७४० वजा ५९१, भागिले दहा, म्हणजे ११४.९ युनिट. अकराशेच्या जागी एकशे पंधरा. तो पाचच लिहीत राहील तोवर दर महिन्याला वापराचा दहावा हिस्साच बिलात येईल.

वायरमन_दादा

सबमीटरच्या भानगडीत पडूच नका. गिरणीवाल्याला महावितरणचं वेगळं कनेक्शन घ्यायला लावा.

माडीवरचा

दादा, आजचं बिल आज द्यायचंय.

वॉचमनकडून व्हॉट्सॲपवर फोटो मागवला. ००५९१ आणि लाल चौकटीत २.

कॉइल

मग रीडिंग ५९१२. १००००००-९९४३८६ = ५६१४, त्यात ५९१२ मिळवले की ११५२६. दहाने भागून ११५२.६ युनिट. तुमच्या अकराशे-बाराशेत बरोबर बसतं. फोटो नुकताच काढलाय, वॉचमनने वाचल्यापासून गिरणी चालली असेल तर लाल आकडा पुढे गेला असेल, तेवढं चालतं.

आकडेमोड्या

फॉर्म्युला अजून कोणी दिलाच नाही! IF वगैरे नको, MOD वापरा. मागचं D6, आताचं D7 धरलंय :

```
=MOD(D7-D6,1000000)/10
```

एक्सेलमध्ये उणे संख्येचं MOD अधिकच येतं, त्यामुळे मीटर फिरो न फिरो, एकच सूत्र पुरतं.

कॉइल

सूत्र बरोबर आहे, पण नुसतं तेवढंच टाकू नका. उणे आकडा आला म्हणून हा धागा निघाला. MOD तो इशाराच गिळतं. उद्या ४३१२५० नंतर वॉचमनने चुकून ४३०९८० लिहिलं, तर शीट ९९९७३ युनिट दाखवेल.

आकडेमोड्या

लाखभर युनिट दिसले तर कोणालाही कळेलच की.

कॉइल

बघितलं तर कळेल. यांचं बिल शीटमधून आपोआप निघतं. मोटर किती एचपी?

माडीवरचा

दहा. कांडप नाही.

कॉइल

दहा एचपी म्हणजे साडेसात किलोवॉट, मोटरचे स्वतःचे लॉसेस धरून साडेआठच्या आसपास. चोवीस तास, तीस दिवस पूर्ण लोडवर चालली तरी ६२०० च्या आतबाहेर. त्यापेक्षा जास्त आलं तर काहीतरी गडबड आहे. म्हणून :

```
=IF(MOD(D7-D6,1000000)/10>6500,"तपासा",MOD(D7-D6,1000000)/10)
```

पूर्ण एक फेरा व्हायला एक लाख युनिट लागतात, त्यामुळे महिन्याभरात मीटर दोनदा फिरल्याची शंका नको. आणि रीडिंगच्या रकान्याला 000000 असं कस्टम फॉरमॅट द्या. ५९१ टाकलं की ०००५९१ दिसेल, मग लगेच खटकेल. आज झाली तशी चूक मात्र ६५०० च्या अटीत सापडत नाही, कारण ६२० ही अगदी शक्य कोटीतली संख्या आहे. त्यासाठी मागच्या महिन्यांशीच ताडून बघावं लागतं.

नाना_बारामतीकर

एवढं करण्यापेक्षा वॉचमनला सांगा ना, दर महिन्याला फोटो काढ म्हणून.

कॉइल

तेही करा.

माडीवरचा

११५२.६ आलं. पण गिरणीवाला म्हणतोय मागच्या ९९४३८६ चा फोटो दाखवा, तो नाहीये. जुना वॉचमन गावी गेला.

कॉइल

वही दाखवा. मागचं कमी-जास्त लिहिलं गेलं असेल तर मागच्या बिलात तेवढंच उलट झालंय, दोन महिन्यांची बेरीज बदलत नाही. मधे दर बदलला असेल तरच पैशात फरक पडेल. बदललाय का?

सूर्यपुत्र

माझ्या नेट मीटरवर चार वेगवेगळे आकडे फिरून दिसतात. त्यातला कुठला धरायचा, कोणी सांगेल का?