मदत हवी आहे: आधी कारागीर की व्हिलावाले? आणि कमिशन कुणाकडून?

गोव्यात बार्देश तालुक्यातल्या भाड्याच्या व्हिलांना एसी आणि प्लंबिंगचे कारागीर जोडून देतोय. अ‍ॅप नाही, सध्या व्हॉट्सअ‍ॅपवरच. व्हिलावाले पटकन येतात, पण डिसेंबरात कारागीर मिळत नाहीत. म्हणून शिवोली-आसगाव पट्ट्यातच आधी कारागीर जमवावेत असं वाटतं. चूक आहे का?

खरं अडलंय कमिशनवर. ८०० रुपयांच्या सर्व्हिसिंगमागे १५ टक्के, म्हणजे १२० रुपये कारागिराकडून कापले, की पुढच्या वेळी दोघं परस्पर फोन करतात. (पेट्रोल त्याचंच, दोष कसा देणार?) १० टक्क्यांवर आणूनही तेच.

आता पहिल्या कामावरच कमिशन, पुढे व्हिलाकडून ठरावीक मासिक रक्कम आणि बदल्यात त्याच दिवशी माणूस पोचण्याची हमी, असा विचार आहे. कारागिरांना आगाऊ पैसे देण्याइतकं भांडवल नाही. पावसाळ्यात बुकिंग नसताना ही रक्कम व्हिलावाले देतात का, की सीझनपुरतीच घ्यावी?