पार्टीनंतरची पहाट

> "गोळी कसली होती हे त्याचे त्यालाच ठाऊक नाही, मग रूममेटला काय कळणार?"

बरेच काही कळते. ही छोटी गोष्ट त्यासाठीच लिहितो आहे.

पार्टीत कसलीशी गोळी घेऊन पहाटे वसतिगृहात परतलेल्या समीरच्या डोळ्यांच्या बाहुल्या ट्यूबलाइटच्या उजेडातही विस्फारलेल्याच होत्या, जबडा सारखा आवळला जात होता आणि 'भरपूर पाणी पी' असे कोणीतरी बजावल्यामुळे (हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तोच अंगाशी येतो) तो एकामागून एक बाटल्या रिचवत होता. तासाभरात डोके ठणकू लागले, उलट्या झाल्या आणि मग स्वतःच्याच पलंगावर बसून तो रूममेट निखिलला विचारू लागला, "अरे, माझी खोली कुठली?"

नशा उतरायच्या वेळी गोंधळ वाढतो आहे, हे निखिलला खटकले. 'झोपला की बरे वाटेल' असे न म्हणता त्याने १०८ ला फोन केला, बाटली काढून घेतली, समीरला कुशीवर वळवले आणि खिशातली उरलेली गोळी डॉक्टरांसाठी कागदात बांधून घेतली.

रक्तातील सोडियम किमान १३५ हवे, ते ११८ निघाले. एमडीएमएसारख्या नशेच्या द्रव्याने लघवी रोखली जाते, प्यालेले पाणी शरीरातच साठते, सोडियम विरळ होते आणि मेंदूला सूज येऊ लागते. डॉक्टरांनी दाट सलाईन थोडे थोडे देत, दर काही तासांनी रक्त तपासत ते वर आणले.