पहिला फॉर्म १६ वाचताना तुम्ही कोणत्या नोंदीपाशी अडलात?

मृण्मयी

पगारातून किती आयकर कापला याचं कंपनीने दिलेलं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म १६. जूनमध्ये ज्यांच्या हातात तो पहिल्यांदा पडतो त्यांच्यासाठी हा धागा. कोणती ओळ कळली नाही आणि पुढे काय झालं, ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

माझी पहिली नोकरी १ ऑगस्ट २०२४ ला लागली. ग्रॉस पगार महिना एक लाख. सॅलरी स्लिपवर दर महिन्याला कापलेला कर, टीडीएस, २,९२५ रुपये, म्हणजे मार्चपर्यंत आठ महिन्यांचे २३,४००.

फॉर्म आल्यावर मी थेट भाग ब उघडला, कारण हिशेब तिथे असतो. आठ लाखांतून स्टँडर्ड डिडक्शनचे ७५,००० वजा, राहिले ७,२५,०००. त्या वर्षीच्या नव्या कर रिजीममध्ये तीन ते सात लाखांवर पाच टक्क्यांनी २०,००० आणि वरच्या २५,००० वर दहा टक्क्यांनी २,५००. त्यावर चार टक्के सेस ९००. एकूण २३,४००. स्लिपशी तंतोतंत जुळलं, म्हणून मी फॉर्म बंद केला.

भाग अ उघडला तो रिटर्न भरायला बसल्यावर. त्यात तिमाहीनुसार ओळी असतात आणि शेवटचे दोन रकाने शेजारी शेजारी असतात: किती कर कापला आणि किती सरकारजमा केला. पहिल्या दोन ओळींत दोन्ही आकडे सारखे होते, ५,८५० आणि ८,७७५. जानेवारी ते मार्चच्या ओळीत मात्र कापलेला ८,७७५ आणि भरलेला ५,८५०. खाली चलनांची, म्हणजे बँकेत कर भरल्याच्या पावत्यांची, यादी होती. त्यात प्रत्येक चलनापुढे F होतं, फक्त मार्चच्या चलनापुढे U.

२६एएस, म्हणजे आपल्या नावावर किती कर जमा आहे ते दाखवणारं आयकर खात्याचं विवरण, काढून पाहिलं, तर तिथेही जमा २०,४७५ च. माझ्या पगारातून गेलेले २,९२५ रुपये माझ्या नावावर दिसतच नव्हते. एचआर म्हणाले, "भाग ब बरोबर आहे ना, मग भरून टाका." मी नाही भरलं. अकाउंट्सला मेल केला, त्यात तिमाही, चलनाची तारीख आणि ते U अक्षर लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की चलनाच्या अनुक्रमांकातला एक आकडा चुकला होता. दुरुस्तीनंतर २६एएसमध्ये पूर्ण रक्कम आली, नवा फॉर्म १६ मिळाला आणि मगच मी रिटर्न भरलं. त्या वर्षी मुदत सप्टेंबरपर्यंत वाढली होती, म्हणून थांबता आलं.

पेरोलकर

मृण्मयीताई, तुम्ही थांबलात हे फार बरं केलंत. वीस वर्षं पगाराचंच काम करतोय, म्हणून त्या U चं मूळ सांगतो.

कंपनी बँकेत कर भरते तेव्हा चलनाला शाखेचा बीएसआर कोड, तारीख आणि अनुक्रमांक मिळतो. नंतर दर तिमाहीला २४क्यू नावाचं विवरण भरताना हेच तीन तपशील पुन्हा लिहायचे असतात. दोन्ही नोंदी जुळल्या की F, नाही जुळल्या की U. पैसे सरकारकडे पोचलेले असले तरी कोणाच्या पॅनवर टाकायचे ते यंत्रणेला कळत नाही. ही दुरुस्ती फक्त कंपनीच करू शकते, दुरुस्त २४क्यू भरून. कर्मचाऱ्याने पोर्टलवर कितीही खटपट केली तरी काही हलत नाही.

O दिसला तर प्रकरण वेगळं. चलन सापडलेलं असतं, पण त्यात भरलेल्या रकमेपेक्षा जास्त रक्कम कर्मचाऱ्यांच्या नावे दाखवलेली असते. तेव्हा कंपनीने खरंच कमी भरलंय का, हे विचारावं लागतं.

साधाप्रश्न

मला बँकेने एफडीच्या व्याजावर फॉर्म १६ए दिलाय. त्यातही तिमाहीच्या ओळी आहेत. मग कंपनीकडून वेगळा घ्यायला लागेल का?

पेरोलकर

हो, लागेल. १६ए फक्त त्या व्याजापुरता आहे, पगाराचा त्यात काही संबंध नाही. रिटर्नमध्ये मात्र दोन्ही दाखवा.

ओंकार_प

मृण्मयी, तुझ्या फॉर्ममध्ये मला चूक दिसते. नोकरी आठच महिने झाली, तर स्टँडर्ड डिडक्शन ५०,००० च मिळायला हवं होतं. आणि २६एएसमध्ये कर दिसत नसेल तर तेवढा स्वतः भरून मोकळं व्हावं, नंतर रिफंड मागता येतो.

पेरोलकर

ओंकार, स्टँडर्ड डिडक्शन महिन्यांच्या प्रमाणात कापत नाहीत. आठ महिने असोत की दोन, मर्यादा पूर्ण ७५,००० चीच. फक्त ते पगारापेक्षा जास्त होऊ शकत नाही. कर पुन्हा भरायचीही गरज नाही. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २०५ प्रमाणे पगारातून कापलेला कर कर्मचाऱ्याकडून पुन्हा मागता येत नाही. पण रिटर्न तपासणारी यंत्रणा २६एएस बघते, त्यामुळे तेवढ्या रकमेची मागणी निघू शकते हे खरं. अशा वेळी सॅलरी स्लिप जोडून मागणी अमान्य असल्याचं कळवायचं. कटकट होते, म्हणून आधी दुरुस्ती.

श्रावणी

मी पुरती फसले ती भाग ब मधल्या एका प्रश्नाने. "Whether opting out of taxation u/s 115BAC(1A)?" आणि पुढे No. मला वाटलं नवी रिजीम "नाही", म्हणजे मी जुन्या रिजीममध्ये आहे. भाड्याच्या पावत्या आणि विम्याचे कागद जमवत बसले. खरं तर प्रश्न नव्या रिजीममधून बाहेर पडताय का असा आहे, आणि No म्हणजे आत आहात. स्लिपवर कापलेला व्यवसाय कर भाग ब मध्ये शून्य का, हेही तेव्हाच उलगडलं. नव्या रिजीममध्ये त्याची वजावट मिळत नाही.

भटक्या_इंजिनिअर

माझे दोन फॉर्म १६ होते आणि दोन्हींत टीडीएस शून्य. पहिल्या कंपनीत एप्रिल २०२४ पासून चार महिने, साठ हजारांनी २,४०,०००. दुसरीत आठ महिने, सत्तर हजारांनी ५,६०,०००. दोन्ही कंपन्यांनी आपापल्या पगारातून ७५,००० वजा केले, उत्पन्न सात लाखांच्या आत आलं आणि रिबेटमुळे कर उरला नाही. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर होते. पण बेरीज आठ लाख, आणि ७५,००० एकदाच मिळतात. म्हणजे मृण्मयीचाच आकडा, २३,४००, आणि वर व्याज. हे सगळं रिटर्न भरताना एकदम खिशातून गेलं. नव्या कंपनीला फॉर्म १२बी मधून आधीचा पगार कळवला असता तर दर महिन्याला थोडा थोडा कापला गेला असता.

नवी_भरती

माझा करच कापला नाही, म्हणून कंपनी फॉर्म १६ देत नाही म्हणते. कर्जासाठी बँक तोच मागते. असं नाकारता येतं का?

पेरोलकर

कापलेल्या कराचं प्रमाणपत्र देणं बंधनकारक आहे. कापलाच नसेल तर तसं बंधन नाही, तरी बऱ्याच कंपन्या भाग ब देतात. लेखी मागून पाहा. नाहीच दिला तर वर्षभराच्या स्लिपा बँकेला दाखवा. बँक मान्य करेल की नाही, ते तिच्यावर.

श्रावणी

आमच्याकडे व्यवसाय कर कापूनही तसंच सांगितलं. मला ते पटलेलं नाही.

पेरोलकर

व्यवसाय कर राज्याचा, त्यावर फॉर्म १६ मिळत नाही.

उशिरा_आलो

माझ्या भाग अ मध्ये शेवटच्या तिमाहीची ओळच नाही. तीन महिने स्लिपवर कर कापलेला आहे आणि कंपनी आता बंद पडली आहे. मेलला कोणी उत्तर देत नाही. दुरुस्त विवरण भरणार कोण?

पेरोलकर

त्या तीन स्लिपा आणि कापून आलेला निव्वळ पगार दिसेल असं बँकेचं स्टेटमेंट आधी जपून ठेवा. स्लिपवर कंपनीचा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर, छापलेला आहे का, तेवढं बघून सांगा.